पहिल्या वर्तुळात काहीच दिसले नाही

दुपारी साडेतीनच्या सुमारास त्वचारोगतज्ज्ञांचा फोन आला तेव्हा मी दिवसभराच्या अहवालांवर सह्या करत होते. त्यांनी एका गरोदर स्त्रीचा नमुना क्रमांक सांगितला आणि शांतपणे विचारले, "मॅडम, या बाईंचा आरपीआर तुमच्याकडून नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आला आहे. त्यांच्या तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस, न खाजणारे चट्टे आहेत, काखेत आणि जांघेत गाठी हाताला लागतात. माझ्या दृष्टीने ही दुसऱ्या अवस्थेतील सिफिलिसची लक्षणे आहेत. तपासणी पुन्हा करता येईल का?" मी नोंदवही उघडली. तपासणी तीन दिवसांपूर्वीची होती आणि खाली सही माझीच होती.

सिफिलिसच्या दुसऱ्या अवस्थेत आरपीआरसारखी, सिफिलिससाठीची रक्तचाचणी नकारात्मक येणे ही चमत्कारिक गोष्ट आहे, कारण या आजाराच्या साऱ्या वाटचालीत या चाचणीला लागणारे प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी सर्वांत जास्त असतात त्या याच टप्प्यावर. पहिल्या अवस्थेच्या सुरुवातीला चाचणी नकारात्मक आली तर त्याचे आश्चर्य नाही, कारण प्रतिपिंड अजून पुरेसे तयार झालेले नसतात. अनेक वर्षांच्या जुन्या आजारातही ती नकारात्मक येऊ शकते. ऐन भरात असलेल्या आजारात ती नकारात्मक आली, तर डॉक्टरांचे निदान चुकले आहे, नमुन्यांची अदलाबदल झाली आहे, चाचणी करताना काही बिघडले आहे, किंवा प्रतिपिंड इतके जास्त आहेत की त्यांच्यामुळेच चाचणी गप्प बसली आहे, अशा चारच शक्यता उरतात. शेवटच्या शक्यतेला प्रोझोन म्हणतात. पाठ्यपुस्तकात मी ती अनेकदा शिकवली होती. स्वतःच्या सहीच्या अहवालात ती शोधण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती.

सुदैवाने सिरम फेकलेले नव्हते. आमच्याकडे तपासून झालेले नमुने आठवडाभर 2 ते 8 अंश सेल्सिअसवर ठेवण्याची पद्धत आहे. तंत्रज्ञ म्हणून नुकताच रुजू झालेला एक तरुण माझ्यासोबत होता. त्याला मी ती नळी काढायला सांगितली आणि तोपर्यंत त्या दिवशीची नियंत्रण नमुन्यांची नोंद पाहिली. जोरदार सकारात्मक, क्षीण सकारात्मक आणि नकारात्मक, असे तिन्ही नियंत्रण नमुने अपेक्षेप्रमाणे आले होते. प्रतिजनाची म्हणजे अँटिजेनची बाटली मुदतीतली होती आणि सुईतून एका मिलिलिटरला 60 थेंब पडतात की नाही, हेही त्या दिवशी तपासलेले होते. म्हणजे चाचणीचे साहित्य ठीक होते. पण या नोंदीने समाधान मानणे हीच पहिली चूक ठरली असती. नियंत्रण नमुन्यांतील प्रतिपिंड मोजके आणि आटोक्यातले असतात. प्रतिजन चांगले आहे एवढेच ते सांगतात, रुग्णाच्या सिरममध्ये प्रतिपिंडांचा महापूर आला आहे की नाही हे त्यांच्यावरून कळण्याचा मार्गच नाही.

नळीवरचे नाव, क्रमांक आणि नोंदवहीतील मजकूर जुळत होता. मग आम्ही मूळ चाचणी जशीच्या तशी पुन्हा केली. कार्डावरच्या 18 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात 50 मायक्रोलिटर सिरम घेऊन ते वर्तुळभर पसरवले, त्यावर प्रतिजनाचा एक थेंब सोडला आणि कार्ड मिनिटाला 100 फेरे घेणाऱ्या रोटेटरवर ओलसर झाकणाखाली 8 मिनिटे ठेवले. या प्रतिजनात कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांचे सूक्ष्म कण असतात आणि निकाल डोळ्यांना दिसावा म्हणून त्यात कोळशाची पूड मिसळलेली असते. सिरममध्ये कार्डिओलिपिनविरुद्धचे प्रतिपिंड असतील तर ते कणांना एकमेकांशी बांधतात, त्या जाळ्यात कोळसा अडकतो आणि पांढऱ्या कार्डावर काळ्या गुठळ्या उठून दिसतात. प्रतिपिंड नसतील तर सगळीकडे सारखा फिकट राखाडी रंग राहतो.

आठ मिनिटांनी मी कार्ड दिव्याखाली धरून हाताने तीन-चार वेळा कलते केले. गुठळ्या नव्हत्याच. पण आता मला संशय होता आणि संशय असला की डोळे वेगळे काम करतात. शेजारच्या नकारात्मक नियंत्रणाचे वर्तुळ रेशमासारखे गुळगुळीत राखाडी होते. या बाईंच्या वर्तुळाला मात्र अगदी किंचित रवाळपणा होता, जणू कोणी बारीक रवा विस्कटून ठेवावा तसा. हा खरखरीत नकारात्मक निकाल प्रोझोनची एक ओळखीची खूण आहे आणि असा निकाल दिसला की त्या सिरमची विरलने करून पाहावीत, अशी सूचना कार्यपद्धतीतच असते. तीन दिवसांपूर्वीही तो रवाळपणा तिथे असणारच. चाळीस-पन्नास कार्डे एका दमात वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो, हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. तो कसा निसटतो ते सांगते आहे. शिवाय मागणीपत्रावर रोगनिदानाच्या रकान्यात केवळ 'गर्भावस्था तपासणी' असे लिहिलेले होते. पुरळाचा उल्लेख असता तर मी ते वर्तुळ दुसऱ्यांदा पाहिले असते.

मग विरलने केली. कार्डावरची पाच वर्तुळे घेतली. पहिले मोकळे ठेवून दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येकी 50 मायक्रोलिटर 0.9 टक्के सलाईन ठेवले. पहिल्या आणि दुसऱ्या वर्तुळात 50 मायक्रोलिटर सिरम घातले. दुसऱ्यातले मिश्रण पिपेटने नीट ढवळून त्यातले 50 मायक्रोलिटर तिसऱ्यात, तिसऱ्यातले चौथ्यात, चौथ्यातले पाचव्यात असे पुढे नेले आणि पाचव्यातले 50 टाकून दिले. अशा रीतीने मूळ सिरम, मग 1:2, 1:4, 1:8 आणि 1:16 अशी पाच विरलने एका रांगेत तयार झाली. प्रतिजनाचे थेंब सोडून कार्ड पुन्हा रोटेटरवर ठेवले तेव्हा आमचा तरुण तंत्रज्ञ थोडा साशंक होता. त्याचे म्हणणे सरळ होते: "मॅडम, जे मूळ सिरममध्ये नाही ते पाणी घातल्यावर कुठून येणार?"

आठ मिनिटांनी ते आले. पहिले वर्तुळ मघासारखेच रवाळ राखाडी. दुसरेही तसेच, थोडे अधिक खरखरीत. तिसऱ्यात बारीक पण निःसंशय गुठळ्या. चौथ्यात आणि पाचव्यात मोठ्या, काळ्याभोर गुठळ्या आणि त्यांच्यामधली जागा स्वच्छ पांढरी. डावीकडून उजवीकडे पाहत गेले तर सिरम पातळ होत होते आणि प्रतिक्रिया गडद होत होती.

1:16 ला निकाल इतका जोरदार होता की शेवट अजून दूर होता. पुढच्या रांगेसाठी 0.1 मिलिलिटर सिरम 1.5 मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून आधी 1:16 विरलन तयार केले आणि तिथून पुढची विरलने साध्या सलाईनमध्ये न करता, 2 टक्के नकारात्मक सिरम घातलेल्या सलाईनमध्ये केली. खूप पातळ केलेल्या नमुन्यात प्रथिनांचे प्रमाण घटते आणि कणांचे वागणे बदलू शकते. ही खबरदारी त्यासाठी असते. दुसऱ्या कार्डावर 1:16, 1:32 आणि 1:64 ही वर्तुळे जोरदार आली, 1:128 मध्ये छोट्या गुठळ्या उरल्या आणि 1:256 पूर्ण गुळगुळीत राखाडी झाले. टायटर, म्हणजे गुठळ्या दिसणारे शेवटचे विरलन, 128. ज्या सिरमचा अहवाल 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणून गेला होता त्याची ही खरी पातळी होती.

त्वचारोगतज्ज्ञांना फोन करण्याआधी मी टीपीएचए ही वेगळ्या तत्त्वावरची चाचणी लावली, कारण कार्डिओलिपिनविरुद्धचे प्रतिपिंड इतर काही आजारांतही निर्माण होऊ शकतात आणि गर्भावस्थेतही खोटे सकारात्मक निकाल दिसतात. इतका चढा टायटर तशा खोट्या निकालात सहसा मिळत नाही, तरी पुष्टी हवीच होती. टीपीएचएमध्ये ट्रेपोनिमाची, म्हणजे सिफिलिसच्या जिवाणूची, प्रथिने चिकटवलेल्या लाल पेशी वापरतात. प्रतिपिंड असतील तर त्या पेशी खोबणीच्या तळाशी जाळीसारख्या पसरतात, नसतील तर घरंगळत मधोमध गोळा होऊन बटणासारख्या बसतात. बाईंच्या सिरममध्ये त्या चटईसारख्या एकसंध पसरल्या होत्या आणि शेजारच्या, प्रथिने न चिकटवलेल्या नियंत्रण पेशींचे नीट बटण झाले होते. ही चाचणी पहिल्याच फटक्यात सकारात्मक कशी आली, हा प्रश्न पडायला हवा. उत्तर चाचणीच्या रचनेत आहे: टीपीएचएमध्ये मूळ सिरम वापरतच नाहीत, पेशींशी भेट होईपर्यंत ते 80 पट पातळ झालेले असते. म्हणजे आम्ही हाताने केलेले विरलन तिथे आधीच झालेले होते.

सायंकाळी सुधारित अहवाल गेला. त्यात जुना अहवाल रद्द केल्याचे, मूळ सिरममध्ये प्रोझोन आढळल्याचे आणि टायटर 128 असल्याचे स्पष्ट लिहिले. बाईंना 26 वा आठवडा चालू होता. पहिल्या तिमाहीतली त्यांची तपासणी नकारात्मक होती आणि ती बहुधा खरीच नकारात्मक असावी, कारण संसर्ग त्यानंतरचा वाटत होता. दुसऱ्या दिवशी त्यांना बेन्झाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे इंजेक्शन दिले गेले आणि त्यांच्या पतीलाही तपासणीसाठी बोलावले गेले. पण त्या सायंकाळी मला अडकवून ठेवले ते आमच्या तंत्रज्ञाच्या प्रश्नाने, कारण 'जास्त असल्यामुळे दिसत नाही' हे वाक्य ऐकायला सोपे असले तरी पटायला अवघड असते.

मी त्याच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. आकडे कल्पित होते, पण प्रमाण समजायला पुरेसे होते. समजा एका वर्तुळातल्या सगळ्या कणांवर मिळून प्रतिपिंड बसण्याच्या 1000 जागा आहेत आणि मूळ सिरममध्ये 4000 प्रतिपिंड आहेत. आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडाला दोन हात असतात. गुठळी व्हायची तर एका हाताने एक कण आणि दुसऱ्या हाताने शेजारचा कण पकडून पूल बांधावा लागतो. पण 4000 प्रतिपिंड एकदम तुटून पडले की 1000 जागा पहिल्याच झटक्यात भरतात; प्रत्येक जागेवर एकाच प्रतिपिंडाचा एकच हात. दुसरा हात मोकळा असतो, शेजारचा कणही जवळच असतो, पण त्या कणावर रिकामी जागा उरलेली नसते. हजारो मोकळे हात आणि धरायला काही नाही. उरलेले 3000 प्रतिपिंड नुसतेच द्रवात तरंगतात. पूल नाही, जाळे नाही, गुठळीही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे दृश्य आणि प्रतिपिंड अजिबात नसल्याचे दृश्य सारखेच दिसते. यालाच प्रतिपिंडाधिक्याचा प्रदेश म्हणायचे.

आता तेच सिरम 1:8 करा. प्रतिपिंड उरले 500, त्यांचे हात 1000 आणि जागाही 1000. प्रत्येक हाताला जागा मिळू शकते, दोन्ही हात वेगवेगळ्या कणांवर पडण्याची शक्यता मोठी होते आणि जाळे घट्ट विणले जाते. हा समतुल्य प्रदेश. आमच्या कार्डावर सर्वांत काळ्या गुठळ्या 1:8 पासून पुढे दिसू लागल्या त्या यामुळेच. 1:128 पर्यंत पोहोचलो की प्रतिपिंड जेमतेम 31 उरतात. ज्यांना पूल बांधायचा आहे त्यांना जागांची वाण नाही, पण पूलच इतके थोडे की बारीक गुठळ्यांपलीकडे मजल जात नाही. 1:256 ला 15-16 प्रतिपिंड आणि 1000 जागा. बहुतेक कण एकटेच हिंडतात. हा प्रतिजनाधिक्याचा प्रदेश. म्हणजे रांगेच्या दोन्ही टोकांची वर्तुळे राखाडी, पण कारणे एकमेकांच्या अगदी उलट. आयजीएम प्रकारच्या प्रतिपिंडांना दहा हात असतात, त्यामुळे खरा हिशेब याहून गुंतागुंतीचा होतो, पण चित्राची दिशा तीच राहते.

तंत्रज्ञाने विचारले, "म्हणजे टायटर काढताना आपण दर वेळी प्रतिजनाधिक्यापर्यंत पोहोचतो?" मी इतकी वर्षे टायटर काढते आहे, पण हे असे कधी शब्दांत मांडले नव्हते. हो, टायटर म्हणजे समतुल्य प्रदेशाचा उजवा काठ ओलांडण्याआधीचे शेवटचे वर्तुळ. डावा काठ आपण एरवी पाहतच नाही, कारण बहुतेक सिरममध्ये तो मूळ सिरमच्याही डावीकडे असतो.

ही सगळी कल्पना ज्या प्रयोगांतून स्पष्ट झाली ते प्रेसिपिटेशनचे म्हणजे अवक्षेपणाचे प्रयोग होते. तिथे प्रतिजन कणांच्या रूपात नसून विरघळलेले असते आणि जाळे झाले की तेच साक्याच्या रूपात खाली बसते. मायकेल हायडेलबर्गर आणि फॉरेस्ट केंडल यांनी 1929 मध्ये न्यूमोकोकसच्या तिसऱ्या प्रकाराच्या पॉलिसॅकराइडवर हे मोजमाप प्रसिद्ध केले. त्या निवडीतली हुशारी मला नेहमी आवडते: या पॉलिसॅकराइडमध्ये नायट्रोजन नसतो, त्यामुळे साक्यातला सगळा नायट्रोजन प्रतिपिंडांचाच, आणि साक्यात नेमके किती प्रतिपिंड उतरले हे थेट मोजता येते. प्रतिजनाचे आणि प्रतिपिंडांचे हात एकमेकांत गुंतून जाळे होते, ही कल्पना पुढे 1934 मध्ये जॉन मरॅक यांनी मांडली.

त्या तरुणाची जिज्ञासा पाहून मी पुढच्या आठवड्यात त्याच्याकडून हा प्रयोग करवून घेतला. मानवी अल्ब्युमिनविरुद्ध सशात तयार केलेले सिरम आठ नळ्यांत सारख्याच मापाने घेतले आणि अल्ब्युमिनचे प्रमाण मात्र प्रत्येक नळीत आधीच्या दुप्पट ठेवले. तासभर 37 अंशांवर आणि मग रात्रभर थंडीत ठेवून सेंट्रिफ्यूज केल्यावर पहिल्या नळीत थोडा साका, चौथ्या-पाचव्या नळीत सर्वाधिक आणि आठव्या नळीत जवळजवळ काहीच नाही, असे चित्र मिळाले. खरी मजा पुढे होती. प्रत्येक नळीतला वरचा स्वच्छ द्रव काढून त्याचे दोन भाग केले. एका भागात थोडे अल्ब्युमिन घातले, दुसऱ्यात थोडे सिरम. पहिल्या नळ्यांच्या द्रवात अल्ब्युमिन घातल्यावर गढूळपणा आला, म्हणजे तिथे प्रतिपिंड शिल्लक होते. शेवटच्या नळ्यांच्या द्रवात सिरम घातल्यावर गढूळपणा आला, म्हणजे तिथे प्रतिजन शिल्लक होते. मधल्या नळीच्या द्रवात काहीही घातले तरी तो स्वच्छच राहिला. दोघेही साक्यात उतरले होते. नकारात्मक दिसणाऱ्या नळीत काय जास्त आहे हे ओळखण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

इथे एक फरक सांगायला हवा, नाहीतर दोन्ही प्रयोग एकसारखे वाटतील. सशाच्या सिरममध्ये प्रतिपिंडाधिक्याकडची बाजू फारशी 'गप्प' नसते. पहिल्या नळीत साका कमी येतो तो प्रतिजनच कमी घातलेले असल्याने. जाळे विरघळते ते मुख्यतः प्रतिजनाधिक्यात. घोड्याच्या काही सिरममध्ये मात्र दोन्ही बाजूंना साका विरघळतो. आरपीआरच्या कार्डावर आपण प्रतिजन स्थिर ठेवतो आणि सिरम बदलतो, त्यामुळे तिथे अडचण येते ती डाव्या टोकाला. प्रोझोन हा शब्द ऐकला की मी आधी विचारते: या चाचणीत रुग्णाकडून काय येते, प्रतिपिंड की प्रतिजन?

तंत्रज्ञाने हाच प्रश्न न कळत विचारला. आमच्याकडे सीआरपी या रक्तातल्या प्रथिनाची लॅटेक्स चाचणी होते. तिथे लॅटेक्सच्या कणांवर सीआरपीविरुद्धचे प्रतिपिंड आधीच बसवलेले असतात आणि रुग्णाच्या सिरममधून सीआरपी म्हणजे प्रतिजन येते. तीव्र संसर्गात सीआरपी फार वाढले तर प्रत्येक प्रतिपिंडाच्या हातात वेगळा सीआरपी रेणू येतो, दोन कणांमध्ये सामायिक असा एकही उरत नाही आणि मूळ सिरममध्ये गुठळी होत नाही. कार्डावर दिसणारे चित्र आरपीआरसारखेच, पण प्रदेश विरुद्ध: हे प्रतिजनाधिक्य आहे. बोलताना अनेकजण यालाही प्रोझोनच म्हणतात आणि मी त्यावरून वाद घालत नाही, कारण दोन्हीकडे उपाय एकच, विरलन करून पुन्हा पाहणे. मेंदूच्या आवरणाच्या संसर्गात पाठीच्या पाण्यातील क्रिप्टोकॉकस या बुरशीचे प्रतिजन तपासतानाही हाच धोका असतो.

सगळेच प्रोझोन नुसत्या आधिक्याने होत नाहीत, हेही खरे. ब्रुसेलोसिस या जिवाणूजन्य आजाराच्या नळीतल्या ॲग्लुटिनेशन म्हणजे गुठळ्यांच्या चाचणीत काही प्रतिपिंड जिवाणूवर बसतात पण त्यांना बांधत नाहीत. ते जागा अडवतात आणि बांधू शकणाऱ्यांना बसू देत नाहीत. तिथे विरलने बरीच पुढपर्यंत न्यावी लागतात आणि तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर अँटिग्लोब्युलिन घालून त्या न बांधणाऱ्या प्रतिपिंडांनाच एकमेकांशी जोडून घ्यावे लागते.

आमच्या विभागाने त्यानंतर काय बदलले ते थोडक्यात सांगते. प्रत्येक नमुन्याची सगळी विरलने करणे परवडणारे नाही आणि गरजेचेही नाही, कारण प्रोझोन विरळाच आढळतो. आम्ही ठरवले की गरोदर स्त्रिया, नवजात बालके, एचआयव्ही बाधित रुग्ण आणि पुरळ किंवा गाठींचा उल्लेख असलेले नमुने यांच्यासाठी मूळ सिरमच्या वर्तुळाशेजारी 1:16 चे एक वर्तुळ लावायचे, आणि रवाळ दिसलेले कोणतेही वर्तुळ पूर्ण रांगेत न्यायचे. फक्त 1:16 लावून मूळ सिरम वगळायचे, अशी एक सूचना बैठकीत आली होती, ती मी ठामपणे नाकारली. टायटर 2 किंवा 4 असलेला, नुकताच सुरू झालेला आजार 1:16 ला नकारात्मकच येईल. एक खड्डा बुजवताना दुसरा खणल्यासारखे ते होईल. मागणीपत्रातल्या लक्षणांच्या रकान्यासाठी मात्र आम्ही बाह्यरुग्ण विभागाकडे अजूनही अधूनमधून विनवण्याच करतो.

39 व्या आठवड्यात बाईंची प्रसूती झाली. त्या दिवशी त्यांचे टायटर 32 होते, म्हणजे उपचारानंतर दोन विरलनांनी उतरलेले, आणि मूळ सिरमचे पहिले वर्तुळ आता स्पष्ट सकारात्मक होते. प्रतिपिंड घटल्यामुळे प्रोझोन मावळला होता. तीन महिन्यांपूर्वी आजार जोरात असताना जे वर्तुळ राखाडी होते तेच आजार ओसरताना काळे झाले, हे ज्याला माहीत नाही त्याने केवळ पहिल्या वर्तुळावरून आजार नव्याने सुरू झाला असा निष्कर्ष काढला असता.

बाळाचे रक्त नाळेतून न घेता शिरेतून घ्यायला मी सांगितले होते, कारण नाळेच्या रक्तात आईचे रक्त मिसळण्याची शक्यता असते. आईचे आयजीजी वारेतून बाळात उतरतेच, म्हणून बाळाचा निकाल नुसता सकारात्मक असण्याला अर्थ नसतो. बाळाचे टायटर आईच्या चौपट किंवा त्याहून जास्त असेल तर ती संसर्गाची खूण मानतात. बाळाचेही सिरम आम्ही मूळापासून 1:16 पर्यंत एकाच कार्डावर लावले. 1:8 पर्यंत गुठळ्या आल्या, 1:16 गुळगुळीत. बालरोगतज्ज्ञांच्या तपासणीत बाळात आजाराची काही लक्षणे आढळली नाहीत, तरी त्याला नियमित पाहत राहायचे ठरले. तिसऱ्या महिन्यात त्याचे टायटर 2 आले. सहाव्या महिन्यातल्या नमुन्याचे कार्ड आमच्या त्याच तंत्रज्ञाने वाचले आणि सहीसाठी माझ्यासमोर ठेवले. मूळ सिरम आणि 1:16, दोन्ही वर्तुळे रेशमासारखी गुळगुळीत राखाडी होती. मी कार्ड दिव्याखाली धरून रवाळपणा आहे का हे दोनदा पाहिले आणि मग सही केली.